ट्रेल मेल साहेबांपर्यंत पोचवताना

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कस्टमरचा पत्रव्यवहार मी बघते. आमचे मोठे साहेब मेल मोबाईलवर वाचतात, तेही शॉपवरून केबिनकडे येता येता. जुलैमध्ये त्यांनी मला एक ट्रेल मेल फॉरवर्ड केला. वर एवढंच लिहिलं होतं, ‘थोडक्यात सांगा, यांना उत्तर द्यायचंय.’ खाली चाळीसेक मेल होते.

एका ब्रॅकेटच्या कास्टिंगची एका बाजूची भिंत ६ मिमीवरून ८ मिमी करायची होती आणि ज्यावरून साचा तयार होतो तो पॅटर्न बदलायचा खर्च कुणी करायचा यावर गाडं अडलं होतं. सगळ्यात वरच्या मेलमध्ये कस्टमरच्या परचेसवाल्यांनी लिहिलं होतं, ‘ठरल्याप्रमाणे पॅटर्नचा खर्च आपण करावा. गुरुवारपर्यंत कळवा.’

हे कुठे ठरलं, ते आधी शोधायचं होतं. म्हणून मी तळातून वर वाचायला घेतलं आणि कागदावर तारीख, माणूस आणि त्याचं म्हणणं अशी टिपणं काढत गेले. ज्या मेलमध्ये पैसे, तारीख किंवा ड्रॉइंग असेल, किंवा कुणी काही कबूल केलं असेल, तेवढेच मेल टिपले. धन्यवाद, नोटेड, स्मरणपत्रं सगळी गाळली. ‘नोटेड’ म्हणजे मेल मिळाला, मान्य केला असं नव्हे. तळापासून वरपर्यंत आमच्याकडून एकही होकार सापडला नाही. आम्ही निम्मा निम्मा खर्च सुचवला होता आणि त्यांनी ‘बघतो’ म्हटलं होतं, एवढंच.

पण कुणीतरी जुन्याच मेलला रिप्लाय दिला की ट्रेलला फाटा फुटतो आणि तो फाटा फॉरवर्डमध्ये येत नाही. म्हणून पार्ट नंबर टाकून इनबॉक्स शोधला. आमच्या क्वालिटीवाल्यांचे दोन मेल तिकडे निघाले. सुधारित ड्रॉइंगही तिथंच होतं, कारण रिप्लाय दिला की अटॅचमेंट मागेच राहते.

खरी गोष्ट एका मधल्या मेलमध्ये होती. कस्टमरच्या डिझाइनवाल्यांनी आमच्या प्रश्नांखालीच निळ्या अक्षरात उत्तरं दिली होती. वर फक्त ‘खाली उत्तरं दिली आहेत’ असं होतं आणि मोबाईलवर तो भाग मिटलेलाच राहतो. त्यात एक ओळ होती: नगाचं वजन ४.२ किलोवरून अंदाजे ४.६ किलो होईल. त्यावर पुढे कुणी चकार शब्द काढला नव्हता. ओतायची पद्धत ठरवणाऱ्या मेथड विभागातल्या दादांना विचारलं, तर ते म्हणाले, “ड्रॉइंगवरनं एवढंच येतंय. पण नमुना ओतल्याशिवाय पक्कं धरू नका.”

आमचा दर नगावर आहे, किलोवर नाही. सगळा वाद पॅटर्नच्या ८५,००० रुपयांवर चालला होता आणि ते एकदाच जाणारे पैसे होते. वाढलेलं वजन दर महिन्याला जाणार होतं. ज्या मुद्द्यावर जास्त मेल, तो मोठा, असं धरून सारांश लिहिला असता तर ही ओळ राहूनच गेली असती.

साहेबांना मी हे पाठवलं:

‘निर्णय हवा: पॅटर्न बदलाचे ८५,००० रुपये आपण सोसायचे का? उत्तर गुरुवार, १७ जुलैपर्यंत.

आपण हे मेलवर कुठेही मान्य केलेलं नाही. ४ जुलैला आपण निम्मा खर्च सुचवला, ८ जुलैला त्यांनी “बघतो” कळवलं. फोनवर काही ठरलं असल्यास त्याची नोंद नाही.

याहून मोठी रक्कम वजनाची आहे. नगामागे ०.४ किलो वाढेल (ड्रॉइंगवरून अंदाज, नमुना ओतलेला नाही). महिन्याला १,५०० नग, म्हणजे ६०० किलो. १२० रुपये किलोने दरमहा ७२,००० रुपये. दरवाढ अजून कुणी मागितलेली नाही.

माझं मत: दोन्ही मुद्दे एकाच उत्तरात जावेत.’

गुरुवारपुढे तारीख मुद्दाम घातली. मेल शुक्रवारी आलेला, वाचणारा कधी वाचेल सांगता येत नाही. माझं मत शेवटी आणि वेगळं ठेवलं, म्हणजे मेलमधलं काय आणि माझं काय हे साहेबांना लगेच कळावं. निळ्या अक्षरांचा मेल आणि ‘बघतो’वाला मेल, एवढे दोनच सोबत जोडले.

थोड्या वेळात साहेबांचा फोन आला. “वजन कुणी काढलं?” एवढंच विचारलं. मी दोन्ही नावं सांगितली. पॅटर्नचा खर्च निम्मा निम्मा आणि नमुन्याच्या प्रत्यक्ष वजनावरून नवा दर, असं उत्तर द्यायचं ठरलं. ते मी कोऱ्या मेलवर लिहिलं. साहेबांकडून आलेल्या ट्रेलमध्ये आमचं आतलं कॉस्टिंगही होतं, त्यावरूनच उत्तर दिलं असतं तर तेही कस्टमरकडे गेलं असतं.