मुलुंड-उरण-मुलुंड, भर पावसात: काचेचा जमाखर्च

जुलैतला शनिवार, मावशीची एकसष्टी उरणला. मी आणि आई सकाळी साडेसातला मुलुंडहून निघालो. जाताना ईस्टर्न एक्सप्रेस हायवे, छेडानगरहून ईस्टर्न फ्रीवे आणि शिवडीला अटल सेतू. येताना पाम बीचवरून वाशी, मग ऐरोली पूल. रस्त्याबद्दल एवढंच. बाकी सगळं काचेबद्दल आहे, कारण त्या दिवशी मी रस्त्यापेक्षा काचेकडेच जास्त पाहिलं.

घाटकोपरपर्यंत नुसती भुरभुर होती. फ्रीवेवर पावसाने जोर धरला, वायपर दुसऱ्या स्पीडवर टाकले आणि समोर दोन वेगळ्या गोष्टी दिसायला लागल्या. एक, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर पाण्याची बोटभर रुंद कमान. प्रत्येक फेरीला तीच, त्याच जागी. दुसरी, वायपर फिरून गेल्यावर सगळ्या काचेवर दुधट साय आल्यासारखं व्हायचं आणि ते विरेपर्यंत पुढची फेरी यायची. मी दोन्हींचा दोष वायपरला दिला. तिथेच चुकलो.

ज्यांना या पावसात निघायचंय त्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा. एकाच जागी रेघ राहत असेल तर रबराची धार तिथे चिरलेली असते किंवा तिच्याखाली वाळूचा कण, झाडाचा चीक असं काहीतरी अडकलेलं असतं. वायपर उचलून धारेवरून ओलं बोट फिरवलं की खाच लगेच हाताला लागते. जाताना गुपचूप आणि येताना थडथडत येत असेल तर रबर एका बाजूला वाकून कडक झालंय, उलट दिशेला ते पलटत नाही. मुंबईत हे हमखास होतं. गाडी एप्रिल-मे उन्हात उभी, वायपर महिनोन्‌महिने एकाच जागी दाबून बसलेले, आणि त्यांची आठवण येते ती थेट जूनच्या पहिल्या सरीत. काचेचा मधलाच पट्टा पुसायचा राहत असेल तर रबर नव्हे, पात्याचा बाक गेलेला असतो. पण सगळ्या काचेवर साय येत असेल तर नवे वायपर बसवूनही ती जाणार नाही. ती काच तेलकट असते.

अटल सेतूवर हे पाहायला वेळ नव्हता. सेतू जवळपास 22 किलोमीटरचा, मध्ये थांबता येत नाही, आणि पुढच्या ट्रकच्या चाकांमागून उडणारा फवारा म्हणजे धुकंच. मी साठवर आलो, डावी लेन धरली, ट्रकपासून लांब राहिलो. आई म्हणाली, "अरे, एवढं पुढे वाकून काय चालवतोयस? मागे टेक." मी खरंच स्टिअरिंगवर नाक टेकवल्यासारखा बसलो होतो.

मावशीकडे पोचल्यावर जेवणाआधी काच हातात घेतली. भावाने तांब्याभर पाणी आणून दिलं. पाणी काचेवर ओता आणि बघा. स्वच्छ काचेवरून ते अखंड पडद्यासारखं उतरतं. माझ्या काचेवर त्याची बेटं झाली, काही थेंब तर हटूनच बसले. हायवेवरचा डिझेलचा धूर आणि पुढच्या गाड्यांनी उडवलेलं तेलकट पाणी हे तर आलंच. शिवाय आमचा गाडी धुणारा मुलगा ज्या फडक्याने बॉडीला पॉलिश लावतो त्याच फडक्याने काच पुसतो. म्हणजे महिनाभर काचेवर मेण चढत होतं. भांडी घासायचा द्रव साबण चमचाभर, अर्धी बादली पाणी, मऊ स्पंज, आणि नंतर भरपूर साधं पाणी. दोनदा केलं, बेटं गेली. वायपरच्या रबरावरूनही ओलं फडकं ओढलं, तर फडक्यावर काळा पट्टा उमटला. तो पट्टा येईनासा होईपर्यंत पुसायचं. अशा काचेवर वर्तमानपत्र घासू नका. धुळीचा एक कण कागदाखाली सापडला की बारीक ओरखडा पडतो आणि रात्री समोरच्या हेडलाइटमध्ये तो चांदीच्या तारेसारखा चमकतो.

आतली बाजू बहुतेक जण विसरतात. डॅशबोर्डला चकाकी आणणारं जे लावतो ते उन्हात तापून आतून काचेवर बसतं. बाहेर उभं पुसा, आत आडवं. रेघ राहिलीच तर ती कुठल्या बाजूची आहे ते तिच्या दिशेवरूनच कळतं.

साय गेली. कमान राहिली, कारण ती खरोखर रबराची होती. नवे ब्लेड दुसऱ्या दिवशी मुलुंडलाच घेतले, दोन्ही मिळून आठशेच्या आत. घेताना दोन्ही बाजूंची लांबी मोजून न्या, बहुतेक गाड्यांत ती वेगळी असते. जुनं पातं काढल्यावर वायपरचा नुसता लोखंडी दांडा उभा ठेवू नका. स्प्रिंगने तो आपटला तर काच फुटते. खाली जाड टॉवेल अंथरा.

आता तडा. परत निघालो ते साडेचारला. जेएनपीटीच्या रस्त्यावर कंटेनरच्या चाकातून खडा आला आणि टक्‌ आवाज झाला. डावीकडे, काचेच्या खालच्या बाजूला, हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका. भेग नव्हती. त्याच वेळी गाडी बाजूला घेऊन टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली असती तर आत पाणी आणि चिखल गेला नसता. एवढा टवका ड्रायव्हरच्या नजरेच्या समोर नसेल तर त्यात रेझिन भरून काम भागतं, फक्त तो कोरडा आणि स्वच्छ असावा लागतो. मी थांबलो नाही. वर आतून काचेवर वाफ धरली म्हणून एसीचा थंडगार झोत पूर्ण जोरात काचेवर सोडला. वाफ गेली, पण बेलापूरच्या खड्ड्यांतून जाताना टवक्यातून एक रेघ निघाली आणि वाशीपर्यंत वीतभर झाली. आतून गार, बाहेरून कोमट, त्यात खड्ड्यांनी गाडीचं अंग पिळलं जातं. तडा याच ताणावर वाढतो. वाफेसाठी एसी चालूच ठेवायचा, पण तापमान थोडं वर, आणि हवा आतल्या आत फिरवायची नाही, बाहेरची घ्यायची. धुकं बाहेरून असेल, म्हणजे वायपरने जात असेल, तर काच जास्त गार झालेली असते. तेव्हा झोत काचेवरून हटवायचा.

पुढची काच थरांची असते, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. म्हणून तडा गेला तरी ती अंगावर कोसळत नाही. पण वीतभर तड्याला रेझिन पुरत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या काचवाल्या काकांनी एका नजरेत सांगितलं, "बदलावी लागेल." बिल 7,200 रुपये.

विम्याचा क्लेम करायचा की नाही याचं गणित मी कागदावर मांडलं. आपल्याकडच्या पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत, त्यामुळे माझ्या गाडीला सक्तीचे 1,000 वजा जाऊन 6,200 मिळाले असते. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, शून्य होतो. माझा 35 टक्के होता, पुढच्या वर्षी 45 आणि त्यापुढे 50 झाला असता. तो शून्यावरून 20, 25, 35, 45 असा पुन्हा चढेपर्यंतचा दरवर्षीचा फरक मिळवला तर मूळ ओन डॅमेज हप्त्याच्या साधारण सव्वापट होतो. माझा हप्ता साडेपाच हजारांच्या आसपास, म्हणजे नुकसान जवळपास साडेसहा हजार. हप्ता दरवर्षी थोडा उतरतो हे धरलं तरी हाती फारसं काही लागत नव्हतं. खिशातून भरले. तुमच्याकडे बोनस वाचवणारं ॲड-ऑन असेल किंवा काच पंचवीस हजारांची असेल तर उत्तर उलटं येईल. मात्र क्लेम करायचा असेल तर काच उतरवण्याआधी विमा कंपनीला कळवा. सर्व्हेयरला तडा जागेवर दिसायला हवा.

काच बदलताना कोणी आधी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे फास्टॅग. तो सोलून काढला की फाटतो, दुसऱ्या काचेवर लागत नाही. मुंबईच्या वेशीवरचे पाच टोल हलक्या गाड्यांना ऑक्टोबर 2024 पासून माफ असले तरी अटल सेतूला तो लागतोच. नवा टॅग आधी मागवून ठेवा आणि आरशामागे मध्यभागी, आतून चिकटवा. एप्रिल 2019 नंतरच्या गाड्यांना डाव्या वरच्या कोपऱ्यात इंधनाचा रंगीत स्टिकर असतो, पेट्रोल-सीएनजीला फिका निळा, डिझेलला नारिंगी. तोही नव्या काचेवर लागतो. काका म्हणाले, "आज गाडी धुऊ नका, आणि दार आपटताना एक खिडकी बोटभर उघडी ठेवा." बंद गाडीत दार आपटलं की आतल्या हवेचा दाब ओल्या चिकटद्रव्यावर येतो.

राहिली फिल्म. ही गाडी मी जुनी घेतली तेव्हापासून पुढच्या दोन्ही दारांच्या काचांवर होती. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "साठ टक्केवाली आहे, चालते." ऐरोलीला रात्र झाली. दिवाळे गावाजवळ चहाला थांबून वर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. पावसात त्या काचेतून उजवा आरसा काळ्या चौकटीसारखा दिसत होता. लेन बदलताना मी चक्क काच खाली करून पाहिलं, बाही भिजली.

आकड्याची गंमत अशी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा. हे प्रमाण काच आणि फिल्म मिळून मोजायचं. कारखान्यातून आलेली बाजूची काच 75 टक्के सोडत असेल आणि त्यावर साठची फिल्म लावली तर 0.75 गुणिले 0.60, म्हणजे 45. गेलं नियमाबाहेर. पुढच्या काचेचा आकडा 75 असेल तर तिच्यावर नव्वदची फिल्मसुद्धा 67.5 पर्यंत उतरवते. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 ला टक्केवारी कितीही असो, फिल्म लावायलाच मनाई केली. पुढे नियम बदलला, प्लास्टिकचा थर असलेली काचही त्यात आली, आणि 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने प्रमाण पाळणारी फिल्म चालेल असं म्हटलं. पण नाक्यावर छत्री धरून उभ्या असलेल्या हवालदाराला केरळचा निकाल वाचून दाखवायची माझी तयारी नाही. मी फिल्म काढली. हेअर ड्रायरने कोपरा गरम करून हळूहळू सोलली, राहिलेल्या गोंदाला खोबरेल तेल लावून जुन्या एटीएम कार्डाने खरवडलं, मग साबण. मागच्या काचेवर असेल तर ब्लेड अजिबात लावू नका. डिफॉगरच्या तारा आतल्याच बाजूला असतात, तुटल्या की गेल्या.

नवी काच बसून आठवडा झाला नाही तोच सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगचा नवा स्टिकर हातात दिला. बशीएवढा गोल, पिवळा. "समोर लावा, वॉचमनला दिसला पाहिजे." मी तो डाव्या खालच्या कोपऱ्यात, वायपरच्या फेरीबाहेर लावला. वॉचमनला दिसतो. सेक्रेटरींचं मत वेगळं आहे.