हा ओहम आला कुठून?

सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी लिही म्हटल्यावर पहिली आठवली ती फिजिक्सच्या बाईंची लाल पेन, आणि माझी वही, म्हणजे तांब्याच्या तारेचं ते गणित. लांबी २ मीटर, व्यास अर्धा मिलिमीटर, रोधकता १.७ गुणिले दहाचा उणे आठवा घात ओहम-मीटर, रेझिस्टन्स काढा. मी फटाफट तीन ओळी लिहिल्या आणि उत्तर काढलं ०.००००४३ ओहम. भारी वाटत होतं एकदम.

बाई उत्तराकडे बघायच्याच नाहीत आधी. पट्टी वहीवर आडवी ठेवायची, एक ओळ वाचायची, मग पट्टी खाली सरकवायची. पहिली ओळ R = ρL/A, टिक. दुसऱ्या ओळीत आकडे होते पण युनिट एकाही आकड्यापुढे नव्हतं, आणि शेवटी थाटात 'ओहम'. "अरे, वरती कुठेच नाही, मग हा ओहम आला कुठून?" मी म्हटलं, रेझिस्टन्स आहे म्हणून. "म्हणजे तू लावलास, आला नाही." मग त्यांनी आकडे झाकून नुसती युनिटं लिहायला लावली, ओहम-मीटर गुणिले मीटर, भागिले चौरस मीटर, आणि खरंच ओहमच उरला. पण खाली चौरस मीटर हवं होतं ना, आणि मी तारेच्या छेदाच्या ०.७८५ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाला सरळ हजाराने भागलं होतं.

बाईंनी समासात एक चौकोन काढला. एका बाजूला हजार मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला हजार, मग आत छोटे चौकोन किती? दहा लाख! म्हणजे भागायचं दहा लाखाने. दुरुस्त करून आलं ०.०४३ ओहम, युनिटं चोख जुळली, मी वही मिटायला लागलो.

"थांब, ०.७८५ कुठून आणलंस?"

इथेच खरी गंमत होती, कारण ही चूक युनिटवरून कळूच शकत नाही. मी π गुणिले ०.५ चा वर्ग केला होता, म्हणजे त्रिज्येच्या जागी व्यासच, आणि दोन्ही मिलिमीटरच असल्यामुळे युनिटं बिचारी काय ओरडणार! 'त्रिज्या = ०.२५ मिमी' ही एक ओळ मी लिहिलीच नव्हती, डोक्यात केली असं मला वाटत होतं, पण कुठेच केली नव्हती. ती ओळ घातल्यावर क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मिलिमीटर, उत्तर ०.१७ ओहम. पहिल्यापेक्षा चार हजार पट जास्त! त्यातले हजार पट युनिटचे आणि चार पट त्या न लिहिलेल्या ओळीचे.

तीनपैकी एक मार्क मिळाला, तोही सूत्राचा. मी म्हटलं बाई, ओहम तर बरोबर आहे ना, त्याचा अर्धा तरी द्या. त्यांनी पट्टी पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "दाखव, कुठल्या ओळीत आला ते."