पावसात फुगणारी मेमरी

मांडवीतल्या बार्जेसवरून येणारी माहिती गोळा करणारा आमचा सी मधला प्रोग्राम उन्हाळाभर बिनबोभाट चालला आणि जूनमध्ये पावसाने जोर धरताच दर दोन-तीन दिवसांनी मेमरी संपून पडू लागला. पणजीच्या ऑफिसात सर्वांनी खापर हार्डवेअरवर फोडले, कारण ते सोयीचे होते.

प्रत्येक सामायिक ऑब्जेक्टमध्ये संदर्भांची संख्या ठेवायची आणि ती शून्य झाली की ऑब्जेक्ट मोकळा करायचा, हा हिशोब मीच लिहिला होता.

```c
void obj_release(struct obj *o)
{
    if (--o->refs == 0)
        o->destroy(o);
}
```

Valgrind ने `definitely lost: 0 bytes` सांगितले आणि मी दोन दिवस निर्धास्त राहिलो. वास्तविक डीबगिंगसाठी सर्व जिवंत ऑब्जेक्ट्सची एक ग्लोबल यादी मी ठेवली होती, त्यामुळे गळलेली मेमरीही त्या यादीतून सापडत होती आणि `still reachable` या सदरात निमूट जमा होत होती. गळती शोधण्यासाठी केलेल्या सोयीनेच ती झाकली होती.

मग ती यादीच कामाला लावली. प्रत्येक ऑब्जेक्टची संख्या वेगळ्या रकान्यात उतरवली आणि यादीतला एक ऑब्जेक्ट दुसऱ्याला धरून असेल तिथे धरलेल्याच्या रकान्यातून एक वजा केला. जिथे काही उरले त्यांना बाहेरून कोणीतरी धरले आहे. ते आणि त्यांच्यामार्फत पोहोचता येणारे सगळे जिवंत. हा दुसरा फेरा टाळता येत नाही, कारण चालू सेशनने धरलेल्या रिक्वेस्टचा रकानाही शून्यच होतो. उरलेले फक्त एकमेकांच्या आधाराने तगलेले असतात.

उरल्या त्या सेशन आणि रिक्वेस्टच्या जोड्या, प्रत्येकीबरोबर 16 केबीचा बफर. सेशनची संख्या 2 असे: एक संदर्भ जोडण्यांच्या तक्त्याचा, एक रिक्वेस्टचा. उत्तर पूर्ण आले की सेशन रिक्वेस्टला सोडून देई. परंतु पावसात जोडणी मध्येच तुटली की तक्ता आपला संदर्भ सोडी, संख्या 1 वर येई आणि तिथेच थांबे. रिक्वेस्टची संख्याही 1, आणि तिला धरणारा तोच सेशन.

रिक्वेस्टकडून सेशनकडे जाणारा पॉइंटर आता संख्या वाढवत नाही, आणि सेशन नष्ट होताना तो `NULL` करतो. ही दुसरी ओळ मी आधी विसरलो होतो. रांगेत उरलेली रिक्वेस्ट मोकळ्या केलेल्या सेशनला हात लावणार, हे म्हापशाहून येणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी कोड वाचतानाच पकडले.

तपासणी सापडलेले चक्र फक्त लॉगमध्ये नोंदवते, मोकळे करत नाही. कोणत्या प्रकारचा ऑब्जेक्ट कोणाला धरतो हे सांगणारी फंक्शने हाताने लिहिलेली आहेत. त्यांत एखादा पॉइंटर राहून गेला तर चक्र निसटेल, पण संख्या न वाढवणारा पॉइंटर चुकून मोजला गेला तर जिवंत सेशनच कचरा ठरेल. हाच पॉइंटर मी फंक्शनमधूनही काढला ना, हे अजून अधूनमधून उघडून पाहतो.