मामांना पैसे मिळाले का?

अंतर्गत चाचणीतला दहा गुणांचा अनुवादाचा प्रश्न होता, मराठीतून इंग्रजीत. उतारा मीच रचला होता आणि तो सोपा आहे अशी माझी समजूत होती:

"परवा मी मामांकडे गेलो होतो. मामांना पैशांची नड होती. माझ्याकडे थोडेच पैसे होते. तरी मी ते दिले असते, पण मामांना माझा राग आला आणि ते काही न बोलता उठून गेले. शेवटची एसटी सुटली होती, म्हणून मला तिथंच मुक्काम करावा लागला. सकाळी मामा 'आलोच' म्हणून शेतावर गेले, ते दुपारीच परतले."

पेपर 42. शनिवारची दुपार, स्टाफरूममध्ये मी आणि खिडकीशी मराठीच्या बाई. माझी तपासायची पद्धत जुनीच होती. लाल पेन घ्यायचं, चूक दिसली की खाली रेघ ओढायची आणि दर रेघेला अर्धा गुण कापायचा. रेघा मोजल्या की गुण तयार, फार डोकं लागत नाही. खरं तर तेच त्या पद्धतीचं मोठं आकर्षण.

सतराव्या पेपरात एका मुलीने लिहिलं होतं: "आय हॅड सम मनी. आय हॅड गिव्हन इट टू हिम, बट आय गॉट अँग्री विथ हिम अँड ही वेंट अवे विदाउट सेइंग एनिथिंग." पुढे, "द लास्ट बस हॅड लेफ्ट, सो आय स्टेड देअर." आणि शेवटी, "इन द मॉर्निंग अंकल केम अँड वेंट टू द फार्म." अक्षर मोत्यासारखं, क्रियापदं जागच्या जागी, 'द' कुठे हवा तेही पक्कं माहीत. शेवटचं वाक्य अपुरं वाटलं म्हणून रेघ न ओढताच दीड गुण कापला आणि साडेआठ देऊन टाकले.

एकतिसाव्यात एका मुलाचं इंग्रजी असं: "डे बिफोर यस्टर्डे आय गो टू माय मॅटर्नल अंकल हाऊस. अंकल इज इन नीड ऑफ मनी. आय हॅड ओन्ली लिटल मनी. स्टिल आय वुड हॅव गिव्ह, बट अंकल गॉट अँग्री विथ मी अँड विदाउट स्पीकिंग ही गेट अप अँड गो. लास्ट एसटी वॉज लीव्ह, सो आय हॅड टू स्टे देअर. इन मॉर्निंग अंकल सेइंग आय विल कम जस्ट नाऊ वेंट टू फार्म अँड रिटर्न ओन्ली इन आफ्टरनून." पान लालेलाल झालं. साडेतीन दिले, तेसुद्धा हात सैल सोडून.

चहा आला तेव्हा मी हा एकतिसावा पेपर करमणूक म्हणून बाईंना वाचून दाखवला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, मूळ उतारा बाजूला ठेवा. आणि या मुलाने लिहिलंय त्यातून काय घडलं ते मला मराठीत सांगा."

मी सांगत गेलो. परवा मामांकडे गेला, मामांना नड होती, याच्याकडे थोडेच पैसे होते, तरी याने दिले असते, पण मामांना याचा राग आला... सांगता सांगता सगळा उतारा परत आला. काही गळलं नव्हतं, काही उलटं झालं नव्हतं.

"आता तो साडेआठवाला सांगा."

"माझ्याकडे पैसे होते. मी ते मामांना दिले होते. पण मला मामांचा राग आला आणि मामा काही न बोलता निघून गेले."

"म्हणजे मामा पैसे घेऊन पळाले?"

आता हसायची पाळी बाईंची होती. मी मात्र दोन्ही पेपर शेजारी ठेवून बघत बसलो. जिच्या पानावर एक लाल रेघ नव्हती, तिच्या इंग्रजीत मामा कर्जबुडवे निघाले होते. आणि गुण साडेआठ.

सगळे 42 पेपर पुन्हा काढले. लाल पेन खिशात ठेवलं. आधी उताऱ्याचे सात तुकडे केले, दर तुकड्यात एकच कळायची गोष्ट. परवा मामांकडे जाणं. मामांची नड. पैसे थोडेच असणं. देण्याची तयारी, पण प्रत्यक्षात न देणं. राग कुणाला, कुणाचा, आणि मग मुकाट्याने जाणं. एसटी सुटल्यामुळे नाइलाजाचा मुक्काम. आणि 'आलोच' म्हणून गेलेल्या मामांचं दुपारी परतणं. दर तुकड्याला एक गुण, असे अर्थाचे सात. उरलेले तीन भाषेचे. ही यादी पेपर उघडण्याआधी करायला हवी होती. पेपर वाचून झाल्यावर केली की आवडत्या पेपराला सोयीचे तुकडे पडतात.

भाषेच्या तीन गुणांत नियम एकच ठेवला: एका प्रकारची चूक कितीही वेळा झाली तरी एकदाच कापायची. मराठीत आर्टिकल नाहीच, त्यामुळे ज्याला ते जमत नाही त्याला सहा वाक्यांत सहा ठिकाणी जमत नाही. ती सहा अज्ञानं नव्हेत, एकच आहे. आधीच्या पद्धतीत त्या एका अज्ञानाचे तीन गुण जात होते.

इथपर्यंत सोपं होतं. काळाची चूक भाषेच्या खात्यात, आर्टिकलची चूक भाषेच्या खात्यात, बाकी सगळं अर्थात, असं वाटलं. सतराव्या पेपराशीच गाडी अडली.

'आय हॅड गिव्हन' ही चूक कुठल्या खात्यात? दिसायला ती काळाची आहे. 'वुड हॅव गिव्हन'च्या जागी 'हॅड गिव्हन'. पण मूळ मराठीत 'दिले असते' हा काळ नाहीच. शाळेच्या व्याकरणात आपण क्रियापदाचे चार 'अर्थ' शिकतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. 'दिले असते' हा त्यातला संकेतार्थ, म्हणजे घडू शकलं असतं पण घडलं नाही. 'हॅड गिव्हन' लिहिलं की न घडलेली गोष्ट घडली. उलट 'वुड हॅव गिव्ह' हे कानाला कितीही खुपलं तरी पैसे मामांच्या हातात पडत नाहीत. पहिली चूक अर्थाची, दुसरी भाषेची, आणि लाल पेनाला दोन्हींत दुसरीच मोठी दिसते.

तेव्हा चूक कशाची आहे हे विचारणं सोडलं आणि वाचणाऱ्याच्या बाजूने विचारायला लागलो: एवढंच वाचून कोण, कुणाला, किती, केव्हा, आणि घडलं की नाही, यातलं एखादं उत्तर बदलतं का? 'डे बिफोर यस्टर्डे आय गो' यात 'गो' चुकीचा आहे, पण काळ 'डे बिफोर यस्टर्डे'ने सांभाळलाय. उत्तर बदलत नाही. भाषेची चूक. एका पेपरात मात्र होतं, "लास्ट बस इज लीव्हिंग, सो आय हॅड टू स्टे." बस सुटते आहे, मग हा राहिला का? धावत जाऊन पकडायची! इथे काळच कारण पोखरतो, म्हणून अर्थाचा अर्धा गुण गेला. 'वॉज लीव्ह'चा गेला नाही, कारण त्यातून बस गेली हे कळतं.

'आलोच'ने सगळ्यात मजा केली. रूप भूतकाळाचं, माणूस अजून जागचा हललेला नाही. "तू हो पुढे, मी आलोच" म्हणणारा बहुतेक वेळा चप्पल शोधत असतो. कित्येकांनी 'आय केम' लिहिलं होतं. शब्दाला शब्द लावून पाहिला तर बरोबर, पण त्या इंग्रजीत मामा येऊन पोहोचलेले. गुण नाही.

'माझा राग आला' यात तर निम्मा वर्ग उलटा गेला. 'माझा' दिसला की राग माझ्या मालकीचा वाटतो आणि 'आय गॉट अँग्री' होतं. मराठीत ज्याला राग येतो त्याला 'ला' किंवा 'ना' लागतो आणि ज्याच्यावर येतो त्याला 'चा', 'मी'चा तर थेट 'माझा' होतो. इंग्रजीत रागावणारा कर्ता होऊन पुढे येतो. वाक्य निर्दोष, पण भांडणातली माणसं अदलाबदल झालेली.

आर्टिकलवर आमचा खरा वाद झाला. एकाने 'थोडेच पैसे'चं 'आय हॅड अ लिटल मनी' केलं. 'लिटल मनी' म्हणजे जवळजवळ नाहीच, 'अ लिटल मनी' म्हणजे आहेत थोडेफार. एका अक्षराने 'च' खाल्ला. ही आर्टिकलची चूक मी अर्थात धरली. बाईंना पटलं. पण मग दुसऱ्या एकाचं नुसतं 'लिटल मनी' होतं, अगदी बरोबर, आणि त्याच्या सबंध पानावर एकही आर्टिकल नव्हतं! 'च' कळला म्हणून 'अ' गाळला, की 'अ' त्याच्या गावीच नाही? बाई म्हणाल्या, योगायोगाला गुण देऊ नका. मी दिला. पानावर जे आहे ते बरोबर आहे, त्याच्या डोक्यात शिरायला मी जात नाही. बाईंना अजूनही हे मान्य नाही. आर्टिकल नसलं तरी एकतिसाव्याचं 'ओन्ली लिटल' तरून गेलं, कारण 'ओन्ली'ने 'च' सांभाळला होता.

अमेरिकन ट्रान्सलेटर्स असोसिएशन आपल्या प्रमाणपत्र परीक्षेत चुकीला तिच्या परिणामानुसार 1, 2, 4, 8 किंवा 16 दोषगुण देते हे मी पूर्वी वाचलं होतं. तेव्हा ती आकडेमोड उगाच वाटली होती. त्या दुपारी वाटली नाही, पण आमच्या दहा गुणांत एवढ्या पायऱ्या बसवणं शक्यही नव्हतं.

नवा हिशेब असा निघाला. सतराव्या पेपराला अर्थाचे साडेतीन: भेट, नड आणि मुक्काम पूर्ण, मुकाट्याने जाण्याचा अर्धा. 'हॅड टू' नव्हतं, पण 'सो'मुळे नाइलाज कळला म्हणून मुक्कामाचा गुण दिला. भाषेचे तीन. एकूण साडेसहा. एकतिसाव्याला अर्थाचे सात, भाषेत काळासाठी एक, आर्टिकलसाठी अर्धा आणि 'वुड हॅव गिव्ह'सारख्या क्रियापदाच्या रूपांसाठी अर्धा कापून एक. एकूण आठ. हा व्याकरणाचा पेपर असता तर तीन आणि सात उलटे ठेवले असते.

सोमवारी ती मुलगी आली. पेपर पुढे धरून म्हणाली, "सर, एकही रेघ नाही, मग साडेतीन गुण कुठे गेले?"

मी विचारलं, "तुझ्या मामांना पैसे मिळाले का?"

"नाही. दिले असते म्हटलंय, दिले नाहीत."

"राग कुणाला आला?"

"मामांना."

हे मी धरलं नव्हतं. तिला मराठी उतारा तंतोतंत कळला होता. मग हे गुण भाषेच्या खात्यातून जायला हवे होते का? क्षणभर पेन हातात घेतलंही. पण इंग्रजी वाचणाऱ्याला तिचं डोकं दिसणार नव्हतं, तिचं पान दिसणार होतं, आणि जो न्याय 'लिटल मनी'वाल्याला लावला तोच इथे लावावा लागला. साडेसहाच राहिले.

तिने माझ्याच टेबलावर 'हॅड गिव्हन' खोडून 'वुड हॅव गिव्हन' केलं, रागाचं वाक्य फिरवलं आणि विचारलं, "आणि 'आलोच'ला काय लिहू?"

"आय विल बी राइट बॅक."

तिने लिहिलं, थांबली, उताऱ्याची शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"पण सर, मामा तर दुपारी आले."