पाच बाय पाचचा चौरस आणि दोन घरे खाली

"सर, चौरस भरायची रीत पाठ झाली, पण कोणतीही ओळ घेतली तरी बेरीज तीच का येते?"

मराठवाड्यातल्या शाळांमध्ये गणित शिकवताना हा प्रश्न मला वर्षानुवर्षे विचारला गेला आहे, आणि परभणीकडच्या एका शाळेच्या व्हरांड्यात फरशीवर खडूने आखलेला पाच बाय पाचचा चौरस अजूनही माझ्या डोळ्यांसमोर आहे. हा जादुई चौरस: १ ते २५ हे अंक एकेकदाच भरायचे आणि प्रत्येक ओळीची, स्तंभाची आणि कर्णाची बेरीज सारखीच यायला हवी. त्याच चौरसावरून उत्तर देतो.

वरच्या ओळीतल्या मधल्या घरात १ लिहायचा. पुढचा अंक नेहमी एक घर वर आणि एक घर उजवीकडे, म्हणजे तिरपा. वरून बाहेर पडलो की ज्या स्तंभाच्या वर गेलो त्याच्या तळाशी यायचे, उजवीकडून बाहेर पडलो की ज्या ओळीत गेलो तिच्या डाव्या टोकाला. तिरपे घर आधीच भरलेले असेल, तर नुकत्याच लिहिलेल्या अंकाच्या थेट खालच्या घरात उतरायचे. तयार चौरस असा दिसतो:

```
१७  २४   १   ८  १५
२३   ५   ७  १४  १६
 ४   ६  १३  २०  २२
१०  १२  १९  २१   ३
११  १८  २५   २   ९
```

मुले हमखास अडखळतात ती १५ वर. हा अंक वरच्या उजव्या कोपऱ्यात येतो, तिथून तिरपे जायचे तर एकदम दोन्ही कडा ओलांडून खालच्या डाव्या कोपऱ्यात पोहोचावे लागते, आणि तिथे ११ आधीच बसलेला असतो. म्हणून १६ हा १५ च्या खाली येतो. त्या दिवशी एका मुलीचा खडू त्या कोपऱ्यावर कितीतरी वेळ थांबला होता, आणि तिने स्वतःहून खाली बोट नेले तेव्हा पुढचे सांगायची मला गरज पडली नाही.

आता बेरजेकडे येऊ. प्रत्येक अंकाचे दोन तुकडे करा: पाया आणि क्रम. १ ते ५ चा पाया ०, ६ ते १० चा ५, मग १०, १५ आणि २०. क्रम म्हणजे आपल्या गटातला कितवा, १ ते ५. म्हणजे १७ = १५ + २, २४ = २० + ४, १ = ० + १, ८ = ५ + ३, १५ = १० + ५. या पहिल्या ओळीत पाचही पाये एकेकदा आले आणि पाचही क्रमही एकेकदा आले. पायांची बेरीज ५०, क्रमांची १५, मिळून ६५. हे प्रत्येक ओळीत घडते एवढेच दाखवायचे आहे.

पायांचे सोपे आहे. एका गटातले पाच अंक तिरपे चालतात आणि दर पावलाला ओळ बदलते, म्हणून एका गटातला एकच अंक एका ओळीत येऊ शकतो. क्रमांसाठी १, ६, ११, १६, २१ या पहिल्या क्रमाच्या अंकांचा माग काढा. एकाकडून पुढच्याकडे जाताना चार वेळा वर जाणे आणि एकदा खाली येणे होते, म्हणजे एकूण तीन घरे वर. पाच ओळींच्या फेऱ्यात तीन घरे वर जाणे आणि दोन घरे खाली जाणे एकच आहे. हे अंक म्हणूनच पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत सापडतात, एकही ओळ सुटत नाही. दोन-दोनच्या उड्या मारून सगळ्या ओळी गाठता येतात, त्या ओळींची संख्या विषम असते म्हणूनच. स्तंभांचे याहून सोपे आहे, कारण तोच क्रम दर वेळी एक स्तंभ डावीकडे सरकतो.

विषमाची अट कुठे लागते हे पाहायचे असेल, तर हीच रीत चार बाय चारवर चालवून पाहावी. १ वरच्या ओळीतल्या दुसऱ्या घरात ठेवला आणि तळाच्या घरातून खाली उतरायची वेळ आली की त्याच स्तंभाच्या वरच्या टोकाला गेलो, तर चौरस कुठेही न अडता पूर्ण भरतो, स्तंभांची बेरीज ३४ बरोबर येते, पण ओळी ३२, ३६, ३२, ३६ अशा येतात. पहिल्या ओळीत १५, १, ७, ९ असतात, म्हणजे क्रम ३, १, ३, १. दोन-दोनच्या उड्यांत अर्ध्याच ओळी गाठल्या गेल्या.

(या रीतीला सयामी म्हणतात, कारण सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, राजदूत म्हणून गेलेल्या फ्रेंच ला लुबेरने ती १६९१ मध्ये युरोपात छापली. आपल्याकडे मात्र नारायण पंडितांनी १३५६ च्या 'गणितकौमुदी'त अशा चौरसांना भद्रगणित या नावाने पूर्ण प्रकरण दिले होते.)

राहिला १ मधल्या घरातच का ठेवायचा हा प्रश्न. ओळी आणि स्तंभांना त्याचे काहीच देणेघेणे नाही. १ वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवून भरा, सगळ्या ओळी ६५ च येतील. पण वरच्या उजव्या कोपऱ्यातून खाली येणाऱ्या कर्णावर २४, २३, २२, २१, २५ सापडतील आणि बेरीज ११५ होईल, कारण त्या कर्णावर नेहमी एकाच गटाचे अंक बसतात. १ मधल्या घरात असला की तिथे मधला गट येतो, ११ ते १५, आणि त्याचीच बेरीज ६५ आहे.