पडवीतली क्रेन: झोका मारायचा, पण दोरी कुठून कुठपर्यंत मोजायची?

क्रेन थांबली की खाली लटकलेलं वजन झुलत राहतं, तो झोका फक्त वेगाच्या हिशेबाने मारता येतो का, ते बघण्यासाठी मालवणातल्या घराच्या पडवीत दोन वाशांना आडवं दोन मीटरचं अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल बांधलंय. त्यावर चाकांची छोटी ट्रॉली आहे, दातेरी पट्टा आहे, टोकाला नेमा १७ स्टेपर मोटर. ट्रॉलीखाली मासेमारीच्या विणलेल्या दोरीवर हूक, आणि हुकाला वाळू भरलेला रंगाचा डबा. डब्याचं वजन १.२ किलो, हुकाचं ९० ग्रॅम. दोरी एकेरी नाही, वरून व्हीसारखी दोन टोकांना बांधली आहे, म्हणजे डबा फक्त ट्रॉलीच्या दिशेतच झुलतो. नाहीतर तो गोल फिरायला लागतो आणि मापं घेणं अशक्य होतं.

ज्यांच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे त्यांना इनपुट शेपिंग हे नाव प्रिंटर चालवणाऱ्या क्लिपर सॉफ्टवेअरमुळे माहीत असेल. गणित तेच, फक्त प्रिंटरमध्ये कंप सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा होतो आणि इथे एका झोक्याला जवळजवळ दोन सेकंद लागतात. म्हणून काय चाललंय ते साध्या डोळ्यांनी दिसतं. माझ्यासाठी याची सगळी मजा तिथेच आहे.

मुद्दा असा. ट्रॉली २० सेमी प्रति सेकंद वेगाने चालली आहे आणि डबाही तिच्याखाली त्याच वेगाने शांत चाललाय. आता थांबायचंय. एकदम थांबवली तर डबा पुढे झेपावतो. त्याऐवजी आधी वेग निम्मा करायचा. डबा ट्रॉलीच्या पुढे जातो, मग दोरी त्याला मागे ओढते, आणि बरोबर अर्ध्या झोक्याच्या वेळेनंतर तो पुन्हा ट्रॉलीच्या बरोबर खाली येतो. त्या क्षणी ट्रॉलीच्या तुलनेत तो १० सेमी प्रति सेकंदाने मागे जात असतो आणि ट्रॉली १० ने पुढे जात असते. म्हणजे जमिनीवरून बघितलं तर डबा त्या क्षणी स्थिर असतो! नेमकी तेव्हाच ट्रॉली थांबवायची. डबा लटकतो तसाच राहतो. सुरुवात याच्याच उलट: आधी निम्मा वेग, अर्ध्या झोक्यानंतर पूर्ण.

याला झेडव्ही, म्हणजे झिरो व्हायब्रेशन, शेपर म्हणतात. कल्पना जुनी आहे, ऑटो स्मिथ यांनी १९५७ मध्ये पॉसिकास्ट नावाने मांडलेली. कोडमध्ये सगळं दोन ओळींचं आहे:

```
float half = PI * sqrt(L / 9.81);
vOut = 0.5 * vCmd(t) + 0.5 * vCmd(t - half);
```

`L` म्हणजे लटकण्याची लांबी मीटरमध्ये आणि `vCmd` म्हणजे बटणाने मागितलेला वेग. प्रत्यक्षात `vCmd` चा इतिहास दर १० मिलिसेकंदाला एका गोल बफरमध्ये ठेवतो आणि जुनी किंमत तिथून उचलतो. हवेच्या घर्षणाने झोका थोडा थोडा विरतो, त्याचा हिशेब धरला तर दुसरा भाग ०.५ पेक्षा किंचित कमी हवा. पण माझा डबा मिनिटभर झुलत राहतो, इतकं कमी घर्षण आहे, म्हणून सोडून दिलं.

पहिल्या संध्याकाळी मी स्वतःलाच फसवलं. शेपर बंद ठेवून ट्रॉली ७७ सेमी पळवली, आणि डबा जवळजवळ गप्प थांबला. मला वाटलं पट्ट्यात कुठे ढिलाई आहे, तीच झोका खातेय. तासभर पट्टा ताणत बसलो. कारण वेगळंच निघालं. ७७ सेमी जायला ३.८५ सेकंद लागतात आणि ते जवळपास बरोबर दोन झोके होतात. सुरुवातीच्या हिसक्याचा झोका आणि थांबण्याच्या हिसक्याचा झोका एकमेकांना मारतात, शेपर असो वा नसो. अंतर ९६ सेमी केलं, म्हणजे अडीच झोके, आणि दोन्ही हिसके एकमेकांत मिळून डबा दोन्ही बाजूंना १२-१२ सेमी झुलायला लागला. हिशेबही तेच सांगतो: एका हिसक्याचा झोका वेग भागिले कोनीय वारंवारता, म्हणजे साधारण ६ सेमी, त्याची दुप्पट १२. तेव्हापासून सगळ्या चाचण्या ९६ सेमीवरच घेतो. कोणी शेपरचा व्हिडिओ दाखवला की मी आधी अंतर विचारतो.

आता शेपर चालू. ट्रॉलीपासून हुकापर्यंत ८० सेमी मोजलं, `L = 0.80` टाकलं. झोका १२ वरून १.३ सेमीवर आला. मागे स्केल लावून मोबाइलवर चित्रीकरण करतो, त्यातून वाचलेला आकडा. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या, मला मात्र ते १.३ खुपत होतं. सूत्र शून्य म्हणतं.

दोरी ओली होऊन लांबली असेल, अशी पहिली शंका. आमच्याकडच्या हवेत नायलॉन ओलावा पितं हे खरं. पण हिशेब केल्यावर ती शंका टिकली नाही. लांबी २ टक्क्यांनी चुकली तर झोक्याची वारंवारता फक्त १ टक्क्याने चुकते, कारण मध्ये वर्गमूळ आहे, आणि उरणारा झोका दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे १२ सेमीतले २ मिमी. १३ मिमीचं पाप दोरीच्या माथी मारता येत नव्हतं.

उत्तर मिळालं बर्फाच्या कारखान्यात. माझे काका तिथे क्रेन चालवतात. खारट पाण्याच्या टाकीतून बर्फाचे डबे उचलायचे, वितळवायच्या हौदाकडे न्यायचे, ओतायचे, असं दिवसभर. हातात बटणांचं पेंडंट, वेग एकच. काका थांबताना बटण सोडतात, डबे पुढे झेपावतात, आणि ते टोकाला पोचतात त्या क्षणी बटणाला परत एक टिचकी मारतात. ट्रॉली डब्यांच्या डोक्यावर येऊन उभी राहते, झोका खलास. हा माझा शेपर नव्हे, काकांची दुसरी चाल पाव झोक्यानंतर येते आणि माझी अर्ध्या झोक्यानंतर, पण जात एकच: पहिल्या हालचालीचा झोका दुसऱ्या हालचालीने मारायचा. मी त्यांना माझं दुखणं सांगितलं. ते म्हणाले, "रे बाबा, दोरी कित्याक मोजतस? वजन खय आसा ता बघ."

झालं. हूक ८० सेमीवर होता, पण झुलतोय तो डबा, आणि त्याचा गुरुत्वमध्य हुकाच्या खाली आणखी १२ सेमीवर. घरी येऊन टेप बाजूला ठेवली आणि स्टॉपवॉच घेतलं. हलका झोका देऊन वीस झोके मोजले: ३८.४ सेकंद. एक झोका १.९२, त्यावरून लांबी निघते जवळपास ९२ सेमी. ८० च्या जागी ९२ असताना वारंवारता पावणेसात टक्के चुकते, आणि झेडव्हीचं सूत्र त्या चुकीला साडेदहा टक्के उरलेला झोका देतं. १२ सेमीचे साडेदहा टक्के म्हणजे १.३ सेमी. मोजलं होतं तेच. `half` मध्ये आता थेट ०.९६ सेकंद टाकतो, लांबी टाकतच नाही. उरलेला झोका २-३ मिमी.

तरी जवळून बघितलं तर थांबल्यावर हूक स्वतः क्षणभर थरथरतो. ती दुसरी लय. हूक आणि डबा मिळून दुहेरी लोलक आहे, आणि माझ्या वजनांना ही दुसरी लय सेकंदाला सहाएक वेळा येते. हूक डब्यापेक्षा खूप हलका असल्यामुळे ती लगेच विरते. मोठ्या क्रेनचा लोखंडी हूक-ब्लॉक आणि त्याला टांगलेली हलकी वस्तू असेल तर ही लय दुर्लक्ष करण्यासारखी राहत नाही आणि एकाच वारंवारतेचा शेपर पुरत नाही.

मग झेडव्हीडी करून पाहिला, तीन पायऱ्यांचा: पाव, अर्धा, पाव, प्रत्येकात अर्ध्या झोक्याचं अंतर. सिंगर आणि सीअरिंग यांच्या १९९० च्या लेखानंतर हा प्रकार रुळला. मुद्दाम `L` परत चुकीचा ०.८० ठेवला, तरी झोका दीड मिमीच्या आसपासच. झेडव्हीत उरणाऱ्या चुकीचा इथे वर्ग होतो, साडेदहा टक्क्यांचा एक टक्का. पण ट्रॉली पूर्ण झोकाभर, १.९२ सेकंद उशिरा थांबते. मला ते फार वाटलं. वीस झोके मोजायला मिनिटही लागत नाही, त्या आळसापायी प्रत्येक फेरीत जास्तीचा एक सेकंद का घालवायचा? ज्याला दर खेपेला वेगळं वजन उचलायचंय त्याचं उत्तर वेगळं असेल.

उशिराचा फटका मला एकदा बसला. लिमिट स्विचचा सिग्नलही मी शेपरमधूनच नेला होता. स्विच दबला, ट्रॉलीने शिस्तीत वेग निम्मा केला, आणि पुढे ९.६ सेमी जाऊन टोकाच्या चिऱ्यावर आदळली. बेअरिंगचा एक कडा तुटला. आता लिमिट स्विच आणि लाल बटण शेपरच्या नंतर, थेट मोटरला जोडलेत. तिथे झोका आला तरी चालेल.

काकांना हेच खटकलं. त्यांच्या क्रेनचा वेग मिनिटाला २० मीटर धरा आणि लटकण्याची लांबी ३ मीटर. झोका साडेतीन सेकंदांचा, म्हणजे बटण सोडल्यावर ट्रॉली निम्म्या वेगाने आणखी पावणेदोन सेकंद चालणार, जवळपास एक फूट. "बटाण सोडल्यार गाडी थांबाक व्हयी," ते म्हणाले. निघताना तेवढंच उशिरा सुटतं म्हणून एकूण अंतर बदलत नाही, हे मी कागदावर दाखवलं. त्यांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि चहा मागवला.

शेपरला जे दिसत नाही त्याबद्दल एवढंच: त्याला फक्त बटण दिसतं, डबा दिसत नाही. दुपारी समुद्रावरून वारा पडवीत शिरला की डबा जागच्या जागी झुलतो आणि शेपर काही करत नाही. डबा ट्रॉलीच्या बरोबर खाली नसताना तिरका उचलला, तर तो झोकाही शेवटपर्यंत तसाच राहतो. तिथे कोन मोजणारा सेन्सर आणि उलट प्रतिसाद लागतो.

सध्या वर-खाली नेणारी दुसरी मोटर बसवतोय. डबा वर घेतला आणि लांबी ९२ वरून ५० सेमी झाली, पण `half` तोच राहिला, तर हिशेबाने निम्म्याहून जास्त झोका उरतो. म्हणजे `half` लांबीबरोबर बदलायलाच हवा. पण चालत्या ट्रॉलीत तो बदलला की बफरमधली जुनी किंमत एकदम वेगळ्याच जागेवरून उचलली जाते आणि वेगाला हिसका बसतो. काल तो हिसका पट्ट्याच्या आवाजातच ऐकू आला. आज प्रत्येक आज्ञेच्या सुरुवातीला `half` गोठवून ठेवलाय आणि ती आज्ञा पूर्ण होईपर्यंत बदलत नाही. चालता चालता उचललं तर थोडा झोका उरतोच. किती, ते ९६ सेमीवर मोजून पुढच्या नोंदीत.