सागवानी कपाटाशेजारचं नाताळचं झाड

आमच्या वसईच्या घरात बाहेरच्या खोलीत सागवानी कपाट आहे. सासऱ्यांच्या वडिलांनी करून घेतलेलं. त्याच लाकडाचा बाक आणि दोन खुर्च्याही आहेत. दर तीन-चार वर्षांनी पॉलिश होतं, त्यामुळे लाकडाला छान नारिंगी झाक चढली आहे. नाताळचं झाड ठेवायला जागा एकच, कपाट आणि खिडकीच्या मधला कोपरा. म्हणजे झाडाच्या एका बाजूला सागवान आणि दुसऱ्या बाजूला साय-रंगाची भिंत.

गेल्या वर्षी मी लाल आणि सोनेरी गोळे लावले. हातात घेतले की एकेक सुंदर, पण संध्याकाळी दारातून पाहिलं तर झाडाचा कपाटाकडचा अर्धा भाग दिसतच नव्हता. फोटोतही नाही. वाईट वाटलं, कारण मेहनत भरपूर केली होती. मग तोच फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून पाहिला आणि कारण कळलं. लाल गोळे, हिरव्या फांद्या आणि मागचं लाकूड हे सगळं एकाच करड्या छटेचं झालं होतं. रंग वेगळे होते, पण गडदपणा सारखा होता. अंधार पडला की डोळ्यांना आधी गडद-फिकट कळतं, रंग नंतर. सोनेरीची अडचण वेगळी होती. चकचकीत गोळा आरशासारखा असतो. शेजारी सागवान असलं की त्यात सागवानच दिसतं आणि गोळा लाकडात मिसळून जातो.

म्हणून या वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आधीच मी क्रॉफर्ड मार्केटला गेले आणि प्रत्येक रंगाचा एकेकच गोळा आणला: साय-रंगाचा, चंदेरी, मोरपंखी, राखाडी-निळा आणि पितळी. सगळे दोऱ्याने कपाटाच्या मुठीला टांगले आणि दोन दिवस तसेच ठेवले. सकाळच्या उजेडात पाहिले, रात्री दिवे लावून पुन्हा पाहिले.

मोरपंखी मला दुकानात सर्वांत आवडला होता. तिथे पांढऱ्या ट्यूबखाली तो निळा दिसत होता. घरच्या पिवळसर दिव्याखाली मात्र त्यातला निळा विझला आणि उरला गडद हिरवा, म्हणजे फांदीचाच रंग. डझनभर आणले असते तर पुन्हा तेच झालं असतं. चंदेरी गोळा लाकडापुढे थंड आणि परका वाटत होता. साय-रंगाचा मात्र दोन्ही वेळी उठून दिसला. राखाडी-निळा तर लाकडाला शोभला, कारण नारिंगीसमोर निळा आला की दोन्ही खुलतात. भडक निळ्याने लाकूड उगाच केशरी दिसतं, म्हणून निळा मंदच हवा.

शेवटी ठरलं ते असं. पाच फुटी झाडाला साधारण ५० गोळे लागले: २८ साय-रंगाचे, १४ राखाडी-निळे आणि ८ पितळी. बहुतेक मॅट घेतले, म्हणजे खोलीचं प्रतिबिंब पडत नाही. पितळी गोळे कपाटाकडच्या कडेला एकही लावला नाही, सगळे मधोमध हिरव्या पार्श्वभूमीवर. साय-रंगाचे जास्त करून कपाटाकडे गेले आणि भिंतीकडच्या कडेला निळे, कारण साय-रंगाच्या भिंतीसमोर साय-रंगाचा गोळा तितकाच हरवतो.

दिव्यांच्या माळांनीही बरंच शिकवलं. आमच्याकडे पांढऱ्याशुभ्र दिव्यांची जुनी माळ होती. ती लावली आणि सागवान मळकट दिसायला लागलं, साय-रंगही निळसर झाला. वॉर्म व्हाइटच्या दोन माळा आणल्या आणि फक्त फांद्यांवरून न फिरवता खोडाजवळ आतपर्यंत नेल्या. आतून उजेड आला की गोळ्यामागची फांदी उजळते आणि गोळ्याची कडा दिसते.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे सगळं पाहत होत्या. म्हणाल्या, "सगळं छान आहे गं, पण नाताळ आणि लाल नाही?" त्यांच्याकडे जुने काचेचे सहा लाल गोळे आहेत, त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या नाताळचे. ते वगळायची माझीही इच्छा नव्हती. पाच झाडाच्या पुढच्या भागात लावले, प्रत्येकाच्या मागे माळेतला एक दिवा आणून. मागून उजेड मिळाला तसा काचेचा लाल रंग पेटला आणि लाकडापासून, हिरव्यापासून सुटा झाला. सहावा आईंनी स्वतः येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या वर, गवताच्या छपराशी टांगला.

मग दिवे लावून पुन्हा तोच कृष्णधवल फोटो काढला. या वेळी झाड कपाटापासून वेगळं दिसत होतं आणि कपाटाकडच्या बाजूचा एकेक गोळा मोजता येत होता.